शब्दकोशात शब्द नेमका कुठे सापडतो? मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलांना शब्दकोश पाहायला शिकवते. दरवर्षी मुले नवी असतात, पण ती अडतात त्याच त्या जागांवर. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरे मोठ्यांनी वाचून दाखवली तरी चालतील, पण समोर एखादा मराठी शब्दकोश उघडा असेल तर जास्त चांगले.

शब्दकोशात शब्द कोणत्या क्रमाने लावलेले असतात?

ज्या क्रमाने तू मुळाक्षरे म्हणतोस त्याच क्रमाने. आधी सगळे स्वर येतात: अ, आ, इ, ई, उ, ऊ, ऋ, ए, ऐ, ओ, औ. मग व्यंजने येतात: क, ख, ग, घ असे करत करत ह आणि ळ पर्यंत. त्यामुळे आई, इमारत, ऊस, ऋतू, एक, ऐरण, ओढा आणि औषध हे सगळे शब्द होऊन गेल्यावरच कमळ येते.

अशा रचनेला मराठीत अकारविल्हे म्हणतात. 'विल्हे' म्हणजे नीट लावणी. 'विल्हेवाट लावणे' यातला विल्हे तोच. अ पासून सुरू करून नीट लावलेले, म्हणून अकारविल्हे.

स्वर आधी का? क पासून का नाही सुरू करत?

एक करून बघ. 'आ' म्हण. म्हणता आले ना, कुणाच्याही मदतीशिवाय? आता नुसता 'क्' म्हण, पाय मोडलेला. तो घशात अडकतो. त्याला मोकळे व्हायला मागे स्वर लागतो: क् + अ झाले की 'क' होतो, क् + आ झाले की 'का'. स्वर एकटा उभा राहतो आणि व्यंजनाला स्वराचा आधार लागतो, म्हणून वर्णमालेत स्वर पहिले.

व्यंजनांचा क्रमसुद्धा तोंडातूनच आलेला आहे. क, च, ट, त, प हळूहळू म्हणत जा आणि जिभेकडे लक्ष दे. क घशाजवळ होतो, च टाळूला, ट त्याच्या जरा पुढे, त दातांपाशी आणि प ओठांवर. आवाज आतून बाहेर चालत येतो. हे मुलांना एकदा जाणवले की पाच ओळींचा क्रम सहसा विसरला जात नाही.

क ने सुरू होणारे शेकडो शब्द आहेत. त्यांच्यात पहिला कोण?

इथे बाराखडी कामाला येते. आधी 'क' चे, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी काहीही नसलेल्या क चे सगळे शब्द. ते पूर्ण संपले की 'का' चे. मग कि, की, कु, कू, कृ, के, कै, को, कौ. बाराखडी म्हणताना 'कृ' आपण घेत नाही, पण कोशात तो 'कू' आणि 'के' यांच्या मध्ये असतो, कारण स्वरांत ऋ हा ऊ आणि ए यांच्या मध्ये आहे.

बहुतेक मुले इथे चुकतात. त्यांना वाटते की 'मन' आणि 'मान' शेजारी असतील, दोघांतही म आणि न आहे आणि फरक एका कान्याचा आहे. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये कितीतरी पाने असतात. 'मन' नंतर मनगट, मनोरा, मला, मसाला, महाग, मळा असे बिनकान्याच्या म चे सगळे शब्द येतात आणि मग कुठे 'मा' सुरू होतो. काना छोटा दिसतो, पण तो म्हणजे 'आ' हा पुरा स्वर आहे.

पहिले अक्षर सारखे असेल तर दुसरे बघायचे. पण दुसऱ्या अक्षरात काय काय बघायचे?

दुसरे अक्षरसुद्धा पहिल्यासारखेच फोडून बघायचे: आधी त्यातले व्यंजन, मग त्यातला स्वर. कमळ आणि कमान हे दोन शब्द घेऊ आणि त्यांचे वर्ण सुटे करून मांडू.

कमळ: क् + अ + म् + अ + ळ् + अ
कमान: क् + अ + म् + आ + न् + अ

डावीकडून एकेक वर्ण जुळवत चल. क् सारखा, अ सारखा, म् सारखा. चौथ्या जागी कमळमध्ये अ आहे आणि कमानमध्ये आ. अ आधी येतो, म्हणून कमळ आधी. इथे थांबायचे. पुढे ळ आणि न आहेत, त्यांच्याकडे बघायचेच नाही. वर्णमालेत ळ अगदी शेवटी आणि न त्याच्या बराच आधी आहे हे खरे, पण निकाल चौथ्या वर्णावरच लागलेला आहे. जिथे पहिला फरक दिसेल तिथेच ठरवायचे.

आता यांच्यात 'कमाई' घालू. क् + अ + म् + आ + ई. ती कमानच्या बरोबरीने 'आ' पर्यंत जाते. पुढे कमाईत ई आहे आणि कमानमध्ये न्. ई स्वर आहे, न् व्यंजन आहे. स्वर आधी, म्हणून कमाई आधी. तर क्रम झाला: कमळ, कमाई, कमान. याच कारणाने 'मऊ' हा शब्द 'मका'च्या आधी असतो.

स्वर आधी हा नियम कोशाच्या पहिल्या पानापुरता नाही. तो प्रत्येक शब्दात, प्रत्येक जागी चालतो. पुढचे जोडाक्षरांचे उत्तर याच एका गोष्टीवर उभे आहे.

'प्रकाश' मला प च्या सुरुवातीला सापडतच नाही. तो आहे कुठे?

प च्या अगदी शेवटाकडे. माझ्या भाचीने हाच शब्द शोधताना 'परकर', 'परका' असलेले पान तीनदा वाचले होते आणि मग ठामपणे सांगितले की कोशात प्रकाश नाही. तिने 'प्र' ला 'प' आणि 'र' समजून शोधले होते. तसे वाटणे साहजिक आहे. पण शब्द फोडून बघ:

परका: प् + अ + र् + अ + क् + आ
प्रकाश: प् + र् + अ + क् + आ + श् + अ

पहिला प् दोघांत आहे. दुसऱ्या जागी परकामध्ये अ आहे, स्वर. प्रकाशमध्ये र् आहे, व्यंजन. स्वर आधी, व्यंजन नंतर. म्हणजे प् च्या मागे कोणताही स्वर असलेले सगळे शब्द (प, पा, पि, पी पासून पौ पर्यंत) आधी होऊन जातात आणि प् च्या मागे लगेच दुसरे व्यंजन असलेले, म्हणजे जोडाक्षराचे शब्द त्यानंतर येतात. जोडाक्षरे शेवटी का, याला वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

जोडाक्षरांचा आपापसातला क्रमही दुसऱ्या व्यंजनावर ठरतो. य हा र च्या आधी, म्हणून प्याला आधी आणि प्रकाश नंतर. मग 'प्र' च्या आत पुन्हा तीच बाराखडी सुरू होते: प्रकाश, प्रगती, प्राणी, प्रेम. प्र ने सुरू होणारे शब्द मराठीत भरपूर आहेत, त्यामुळे हा भाग चांगला लांब असतो.

शोधायची सोपी युक्ती सांगते. 'प्रकाश' हवा असेल तर सरळ 'फ' उघड आणि तिथून मागे ये. 'क्रम' हवा असेल तर 'ख' उघडून मागे ये. 'स्वर' साठी 'ह' उघड. शब्द जोडाक्षराने सुरू होत असेल तर पुढच्या अक्षराच्या दारातून मागे वळणे जवळचे पडते.

जोडाक्षर शब्दाच्या मध्ये असेल तर?

नियम तोच. 'पता' आणि 'पत्ता' बघ. दोघांत प, मग त्. पुढे पतामध्ये आ, पत्तामध्ये दुसरा त्. म्हणून पता, पताका, पती हे आधी, आणि त्यांच्यानंतर पत्ता, पत्नी, पत्र. ते झाले की 'पथ', कारण थ हा त च्या पुढचा. पत्र हा शब्द 'पत' च्या शेवटी आणि 'पथ' च्या अगदी अलीकडे असतो.

'कर्ज' मध्ये रफार ज वर आहे. मग आधी ज बघायचा का?

नाही. रफार लिहितो ज च्या डोक्यावर, पण म्हणतो ज च्या आधी. मोठ्याने म्हण: कर्-ज. कानाला आधी र् ऐकू येतो. म्हणून फोड अशी: क् + अ + र् + ज् + अ. हा शब्द 'कर' च्या घरातला आहे, आणि र् च्या मागे व्यंजन असल्यामुळे त्या घरात सर्वांत शेवटी: करवत, करार, करोटी आणि मग कर्ज, कर्म. त्यानंतर 'कला', कारण ल आला.

'करवत' म्हणताना 'कर्वत' असे ऐकू येते. मग तिथे जोडाक्षर का नाही?

बोलताना आपण मधला 'अ' गिळतो. लिहिताना तो असतो, आणि कोश लिहिलेल्या शब्दावर चालतो. 'सरबत' आणि 'सर्व' बोलताना दोन्हीकडे र् अर्धाच वाटतो, पण सरबतमधला र पुरा आहे. म्हणून सरबत 'सर' च्या सुरुवातीच्या शब्दांत सापडेल आणि सर्व शेवटच्या शब्दांत. शब्द एका जागी मिळाला नाही तर र पुरा धरून एकदा आणि अर्धा धरून एकदा, अशा दोन्ही जागा पाहाव्यात.

शब्दाच्या शेवटीही असेच होते. 'मन' आपण 'मन्' म्हणतो, पण कोशासाठी तो न पुरा आहे.

'कृपा' आणि 'क्रम' जवळजवळ असतील ना?

दूर असतात. 'कृ' मध्ये क् च्या मागे ऋ हा स्वर आहे, म्हणून कृपा ही कूस नंतर आणि केळ च्या आधी. 'क्र' मध्ये क् च्या मागे र् हे व्यंजन आहे, म्हणून क्रम हा कौल च्याही नंतर. ऐकताना दोन्ही सारखे वाटतात, त्यामुळे आधी हे ठरव: खाली लोंबणारी ऋकाराची खूण आहे, की र ची तिरकी रेघ?

'ज्ञान' द मध्ये शोधू की ज मध्ये?

आपण 'द्न्यान' असे म्हणतो म्हणून मुले द उघडतात, पण तिथे तो नाही. ज्ञ हे ज् + ञ असे जोडाक्षर आहे आणि क्ष हे क् + ष. ही दोन अक्षरे मात्र कोशांत दोन ठिकाणी सापडू शकतात. कोशकाराने त्यांना जोडाक्षर मानले असेल तर ज्ञान ज च्या शेवटाकडे मिळेल, 'ज्या' च्या जरा आधी, आणि क्षमा क च्या शेवटाकडे. मुळाक्षरांत आपण ळ नंतर क्ष, ज्ञ म्हणतो तसे त्यांना स्वतंत्र अक्षर मानले असेल तर दोन्ही पुस्तकाच्या अगदी शेवटी असतील. शेवटचे पान उघडून बघ. तिथे ज्ञ दिसला तर दुसरी पद्धत, नाही तर पहिली.

त्र आणि श्र यांची मात्र अशी दोन घरे नाहीत. त्र म्हणजे त् + र, तो त च्या शेवटी. श्र म्हणजे श् + र, तो श च्या शेवटी. 'विद्या' मधला द्य विचित्र दिसतो, पण तो साधा द् + य आहे.

अनुस्वाराचे शब्द कुठे असतात? 'अंगण' मला सापडत नाही.

या प्रश्नाचे सगळ्या कोशांना लागू पडेल असे एक उत्तर नाही, आणि मोठी माणसेही इथे अडखळतात. अनुस्वार हा धड स्वर नाही आणि धड व्यंजनही नाही. त्याला स्वरादी म्हणतात, म्हणजे ज्याच्या आधी स्वर लागतो असा. त्यामुळे त्याला कुठे बसवायचे हे ज्याने त्याने ठरवले.

एका पद्धतीत अनुस्वाराचे शब्द त्या अक्षराच्या आरंभी येतात. तिथे अंक, अंगण, अंत हे 'अकरा' च्या आधी असतात आणि मंदिर 'मका' च्या आधी. दुसरी पद्धत बाराखडीप्रमाणे चालते. औ नंतर अं, म्हणून अंगण हे औषध च्या नंतर, आणि मंदिर हे मौज च्या नंतर. संस्कृतच्या कोशांत तर असे पुष्कळ शब्द अनुस्वाराऐवजी अर्ध्या ङ, ञ, ण, न, म ने लिहिलेले असतात, जसे अङ्क, आणि ते त्या त्या व्यंजनाच्या जागी लावलेले असतात.

नवा कोश हातात आला की मी मुलांना पहिल्यांदा 'अंक' शोधायला सांगते. तो पहिल्याच काही पानांत मिळाला तर पहिली पद्धत. तिथे नसेल तर औ च्या पुढे बघायचे. एकदा हे कळले की त्या कोशातला अनुस्वाराचा प्रत्येक शब्द त्याच रीतीने सापडतो. अनुस्वाराच्या शब्दांचा आपापसातला क्रम पुढच्या अक्षरावर: अंक, अंग, अंडे, अंत.

ह्रस्व-दीर्घ चुकले तर शब्द सापडणार नाही का?

त्या जागी सापडणार नाही. 'दिन' म्हणजे दिवस, तो दि मध्ये. 'दीन' म्हणजे गरीब, बिचारा, तो दी मध्ये. शब्द मिळाला नाही तर वेलांटी किंवा उकार बदलून दुसरी जागा बघ, आणि सापडला की शुद्ध रूप कोणते तेही कळले.

कोश जुना असेल तर आणखी एक अडचण येते. आपले आजचे लेखनाचे नियम बरेचसे 1962 साली ठरले. शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार आपण आता दीर्घ लिहितो: कवी, गुरू. त्याआधीच्या कोशांत तुला कवि, गुरु असे दिसेल, आणि क्रियापदे 'करणें' अशी शेवटी अनुस्वार देऊन छापलेली दिसतील. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा 1831 साली निघाला. तो चाळताना ही जुनी रूपे ध्यानात ठेवावी लागतात.

'घरात', 'गेला' हे शब्द का नाहीत?

कोशात मूळ शब्द असतो. घरात साठी 'घर' बघ, माशाला साठी 'मासा', आणि गेला साठी 'जाणे'.

लहान शब्द आधी की मोठा?

दोन शब्द सुरुवातीपासून सारखे असतील आणि एक आधी संपला, तर संपलेला आधी. मन, मग मनगट. पण लांबी मोजायची ती एवढ्यासाठीच. 'मनगट' लांब असूनही 'मनी' च्या आधी येतो, कारण मनगटमधला न बिनवेलांटीचा आहे.

संगणकावर यादी लावली तर 'बाळ' हा शब्द 'बाहू' च्या आधी आला. चूक कुणाची?

संगणकात प्रत्येक अक्षराला एक अंक दिलेला असतो, आणि ळ चा अंक ल च्या लगेच पुढचा आहे. संगणकाने नुसते अंक पाहून यादी लावली तर ती बाल, बाळ, बाहू अशी लागते. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, म्हणून आपला क्रम बाल, बाहू, बाळ. मराठीचा क्रम माहीत असलेला प्रोग्राम हे बरोबर लावतो. 'ॲ' चा अंक तर ह च्याही पुढचा आहे, त्यामुळे अशा यादीत ॲ चे शब्द स्वर असूनही तळाला जाऊन बसतात. यादी अशी दिसली तर ती नुसत्या अंकांवर लागली आहे असे ओळखावे.

मला स्वतः लावून बघायला काही शब्द द्याल?

हे घे: स्वर, साप, सर्व, सृष्टी, सई, सूर्य, सकाळ, सौदा, सरबत. आधी कागदावर लाव, मगच खाली बघ.

सई पहिली, कारण स च्या मागे लगेच ई हा स्वर आहे. मग सकाळ, तिथे क. मग सरबत, पुऱ्या र चा, आणि त्याच्या मागे सर्व, अर्ध्या र् चा. इथे बिनकान्याचा स संपला. मग साप. त्यानंतर सूर्य, सू मध्ये. मग सृष्टी, कारण ऋ हा ऊ च्या पुढे. मग सौदा. आणि सर्वांत शेवटी स्वर, कारण तिथे स् च्या मागे स्वर नसून व् हे व्यंजन आहे.